भारित लघुतम वर्ग पद्धती (अंशशोधन वक्र)

भारित लघुतम वर्ग पद्धती ही निरीक्षणांतून सरळ रेषा काढण्याची एक सांख्यिकीय पद्धत आहे. हिच्यात प्रत्येक निरीक्षणाला त्याच्या विश्वासार्हतेनुसार कमी-अधिक महत्त्व, म्हणजेच *भार*, दिला जातो. रासायनिक पृथक्करणात अंशशोधन वक्र (प्रयोगशाळेच्या बोलीत कॅलिब्रेशन कर्व्ह) काढताना ती विशेष उपयोगी पडते. याचे कारण असे की अनेक उपकरणांत पदार्थाची संहती वाढते तसा वाचनांचा विखुरलेपणाही वाढतो. अशा वेळी साधी लघुतम वर्ग पद्धती वापरली, तर रेषा दिसायला उत्तम येते, पण कमी संहतीच्या नमुन्यांचे निष्कर्ष चुकतात. या लेखात विदर्भातील भूजलाच्या फ्लोराइड मापनाचे उदाहरण घेऊन ही पद्धत स्पष्ट केली आहे.

## पार्श्वभूमी

ज्ञात संहतीची काही द्रावणे (मानके) उपकरणात घालून त्यांची वाचने नोंदवायची, संहती व वाचन यांचा संबंध दाखवणारी रेषा काढायची आणि त्या रेषेवरून अज्ञात नमुन्याच्या वाचनाची संहती शोधायची, या क्रियेला अंशशोधन म्हणतात. रेषा `y = a + b·x` अशी लिहितात. येथे `x` ही संहती, `y` हे वाचन, `b` हा रेषेचा चढ आणि `a` हा छेद, म्हणजे संहती शून्य असताना रेषेने दाखवलेले वाचन होय.

साध्या लघुतम वर्ग पद्धतीत प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे उभे अंतर (अवशेष) घेऊन त्याचा वर्ग करतात आणि सर्व वर्गांची बेरीज किमान होईल अशी रेषा निवडतात. आद्रियँ-मारी लजाँद्र यांनी ही पद्धत १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८०९ मध्ये तिचा संभाव्यतेशी संबंध जोडला. सर्व वाचनांचा विखुरलेपणा सारखाच आहे, हे या पद्धतीचे एक मूलभूत गृहीतक आहे. असमान विश्वासार्हतेच्या निरीक्षणांना भार देण्याची कल्पनाही गाउस यांच्याच लेखनात आढळते. तिचे आधुनिक सारणीरूप अलेक्झांडर एटकिन यांनी १९३५ मध्ये मांडले.

विखुरलेपणा संहतीबरोबर का वाढतो, हे प्रयोगशाळेतल्या कामातच दिसून येते. पिपेटने घेतलेल्या घनफळातील चूक, उपकरणात शिरलेल्या नमुन्याच्या प्रमाणातील फरक आणि शोधकाच्या संवेदनशीलतेतील चढउतार या चुका *टक्क्यांत* घडतात. तीन टक्के जास्त नमुना आत गेला तर वाचन तीन टक्क्यांनी वाढते, मग ते २० असो वा २०००. याउलट आधाररेषेवरचा विद्युत्-गोंगाट संहतीवर अवलंबून नसतो. त्यामुळे अगदी कमी संहतीला गोंगाटाचे वर्चस्व असते आणि त्याहून वरच्या बहुतेक पट्ट्यात टक्क्यांतल्या चुकांचे.

## विदर्भातील फ्लोराइड आणि मापनाची अडचण

यवतमाळ, चंद्रपूर आणि विदर्भातील इतर काही जिल्ह्यांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण ठिकठिकाणी जास्त आढळते. असे पाणी दीर्घकाळ प्याल्याने दातांचा व हाडांचा फ्लोरोसिस होतो. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १.० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ती १.५ पर्यंत शिथिल होते.

नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) या प्रश्नाशी जवळून जोडलेली आहे. १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून ती स्थापन झाली आणि १९७४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. तुरटी व चुना वापरून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याचे ‘नलगोंडा तंत्र’ याच संस्थेने विकसित केले. आज तेलंगणात असलेल्या नलगोंडा गावावरून त्याला हे नाव पडले.

फ्लोराइड काढण्याच्या अशा कोणत्याही उपायाची परीक्षा करताना दोन प्रकारचे नमुने एकत्र येतात. विहिरीच्या कच्च्या पाण्यात फ्लोराइड अनेक मिलिग्रॅम असू शकते, तर प्रक्रिया केलेल्या पाण्यात ते १.० च्या आसपास अपेक्षित असते. एकाच दिवशी, एकाच वक्रावर दोन्ही मोजण्यासाठी मानकांचा पट्टा रुंद ठेवला जातो, उदाहरणार्थ ०.२ ते २० मिलिग्रॅम प्रतिलिटर. निर्णयाची रेषा, म्हणजे १.०, मात्र या पट्ट्याच्या अगदी तळाशी येते. साध्या लघुतम वर्ग पद्धतीची चूकही नेमकी तिथेच सर्वांत जास्त असते.

## भार कसा ठरवतात

भारित पद्धतीत प्रत्येक अवशेषाचा वर्ग त्याच्या भाराने गुणून मग बेरीज किमान केली जाते. सैद्धांतिकदृष्ट्या योग्य भार म्हणजे त्या बिंदूच्या प्रचरणाचा, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाचा, व्यस्तांक होय: `w = 1/s²`. ज्या वाचनाचे प्रमाण विचलन दहापट, त्याचा भार शंभरावा हिस्सा.

प्रत्येक मानक तीन वेळा मोजायचे, त्यावरून प्रमाण विचलन काढायचे आणि त्याचा सरळ भार करायचा, ही कल्पना आकर्षक असली तरी टाळलेली बरी. तीन वाचनांवरून काढलेले प्रमाण विचलन स्वतःच फार अस्थिर असते. योगायोगाने तीन वाचने जुळून आली की त्या बिंदूला अवास्तव भार मिळतो आणि रेषा त्याच्याकडे खेचली जाते. म्हणून विखुरलेपणा व संहती यांचा साधा *संबंध* आधी ठरवतात आणि त्या संबंधावरून भार घेतात.

हा संबंध शोधण्याचा सोपा मार्ग असा: पट्ट्याच्या तळाचे, मधले व वरचे मानक प्रत्येकी किमान पाच-सहा वेळा मोजावे. समजा ०.२ मिलिग्रॅमला प्रमाण विचलन ०.६ एकके आले आणि २० मिलिग्रॅमला ६० एकके. संहती शंभरपट झाली आणि प्रमाण विचलनही शंभरपट झाले, म्हणजे ते संहतीच्या सम प्रमाणात आहे. अशा वेळी भार `1/x²` घ्यावा. प्रमाण विचलन दहापटच वाढले असते, तर ते संहतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरले असते आणि भार `1/x` योग्य झाला असता. विखुरलेपणा वाढलाच नसता, तर भार देण्याची गरजच नव्हती.

## सोडवलेले उदाहरण

पुढील आकडे पद्धत समजावण्यासाठी घेतलेले आहेत. आयन क्रोमॅटोग्राफीने फ्लोराइडची सहा मानके मोजली असून वाचन म्हणजे शिखराचे क्षेत्रफळ होय. पुनरावृत्त मोजणीवरून विखुरलेपणा सर्वत्र सुमारे ३ टक्के आढळला आहे, असे मानू.

| मानक (मिग्रॅ/लिटर) | क्षेत्रफळ | साध्या रेषेवरून परत काढलेली संहती | भारित रेषेवरून परत काढलेली संहती |
|---|---|---|---|
| ०.२ | २१ | ०.३२ | ०.२०१ |
| ०.५ | ५० | ०.६० | ०.४९२ |
| १ | १०१ | १.१० | १.००४ |
| ५ | ४९० | ४.८६ | ४.९१ |
| १० | ९८० | ९.५९ | ९.८२ |
| २० | २०८० | २०.२३ | २०.८५ |

साध्या पद्धतीने रेषा येते:

```
y = -12.27 + 103.42 x      r² = 0.9991
```

`r²` ०.९९९ च्या वर असल्याने अनेक ठिकाणी हा वक्र पुढे काही न पाहता मंजूर होईल. तक्त्याचा तिसरा स्तंभ मात्र वेगळेच सांगतो. ०.२ चे मानक स्वतःच्याच वक्रावर ०.३२ दिसते, म्हणजे ६० टक्के जास्त. १.० चे मानक ९.५ टक्के जास्त दिसते. दोष सर्वांत वरच्या बिंदूचा आहे. त्याचे वाचन सुमारे ४ टक्क्यांनी जास्त आले, आणि ३ टक्के विखुरलेपणात तसे येणे मुळीच अनैसर्गिक नाही. पण त्या ४ टक्क्यांची किंमत ८० एकके आहे, तर तळाच्या मानकाचे संपूर्ण वाचनच २१ आहे. साध्या पद्धतीत २० च्या बिंदूचा प्रभाव ०.८१ येतो, म्हणजे त्याचे वाचन एका एककाने वाढले तर रेषा त्या ठिकाणी ०.८१ एकक वर सरकते. रेषा जवळजवळ त्याच्याच मागे जाते. चढ वाढतो, त्याची भरपाई म्हणून छेद ऋण होतो आणि हा ऋण छेद तळाच्या प्रत्येक नमुन्यात सुमारे ०.१ मिलिग्रॅमची खोटी भर घालतो.

आता `w = 1/x²` घेऊ. भार अनुक्रमे २५, ४, १, ०.०४, ०.०१ आणि ०.००२५ होतात. चढ व छेद यांची सूत्रे साध्या पद्धतीसारखीच आहेत, फक्त प्रत्येक बेरजेत भार येतो:

```
b = (Σw·Σwxy − Σwx·Σwy) / (Σw·Σwx² − (Σwx)²)
a = (Σwy − b·Σwx) / Σw
```

बेरजा अशा येतात: `Σw = 30.0525`, `Σwx = 8.35`, `Σwx² = 6`, `Σwy = 860.6`, `Σwxy = 606`. त्यांवरून

```
b = 11025.8 / 110.59 = 99.70
a = (860.6 − 832.5) / 30.05 = 0.94
```

छेद शून्याजवळ आला आणि १.० पर्यंतची तिन्ही मानके दोन टक्क्यांच्या आत बसली. २० चे मानक ४.३ टक्के जास्त दिसते. ही लपवण्याची गोष्ट नव्हे. त्या वाचनात तेवढी चूक आहेच, आणि भारित रेषेने ती खालच्या नमुन्यांवर लादण्याऐवजी जागच्या जागी ठेवली आहे.

याच दिवशी प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या एका नमुन्याचे क्षेत्रफळ ९६ आले, असे समजू. साध्या रेषेने त्याची संहती (९६ + १२.२७) ÷ १०३.४२ = १.०५ मिलिग्रॅम येते, भारित रेषेने (९६ − ०.९४) ÷ ९९.७० = ०.९५. पहिल्या आकड्यानुसार पाणी स्वीकार्य मर्यादेबाहेर जाते, दुसऱ्यानुसार आत राहते. नमुना तोच, उपकरण तेच आणि वाचनही तेच आहे.

`1/x` हा भार घेतला असता तर रेषा `y = -0.34 + 101.47 x` आली असती आणि त्याच नमुन्याची संहती ०.९५ च मिळाली असती. दोन वाजवी भारांपैकी कोणता, या प्रश्नाने उत्तर सहसा फारसे बदलत नाही. मोठा फरक पडतो तो भार देणे आणि न देणे यांच्यात.

## अनिश्चितता

भारित पद्धतीचा दुसरा, आणि बहुधा अधिक महत्त्वाचा, परिणाम नमुन्याच्या अनिश्चिततेवर होतो. साध्या पद्धतीत रेषेभोवतीचा विखुरलेपणा एकाच आकड्याने सांगितला जातो. वरील उदाहरणात तो २७ एकके, म्हणजे सुमारे ०.२६ मिलिग्रॅम, येतो आणि ०.२ पासून २० पर्यंत सर्वत्र तोच धरला जातो. त्यावरून ९६ वाचनाच्या नमुन्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा १.०५ ± ०.८१ अशी येते. एवढ्या रुंद मर्यादेत कोणताच निर्णय बसत नाही. याच आकड्यावरून `3.3·s/b` या प्रचलित सूत्राने शोधसीमा काढली, तर ती ०.८६ मिलिग्रॅम येते. ०.२ चे मानक स्पष्ट शिखर देत असताना ही शोधसीमा हास्यास्पद ठरते. असा आकडा दिसला की विखुरलेपणा समान नाही, हे ओळखावे.

भारित पद्धतीत विखुरलेपणा संहतीच्या प्रमाणात मोजला जातो. येथे तो प्रत्येक मिलिग्रॅममागे २.६४ एकके, म्हणजे सुमारे २.६ टक्के, येतो. पुनरावृत्तीतून मिळालेल्या ३ टक्क्यांशी तो जुळतो, आणि हा मेळ भार योग्य असल्याची चांगली खूण आहे. नमुन्याच्या संहतीचे प्रमाण विचलन असे काढतात:

```
s(x0) = (s/b)·√[ 1/(m·w0) + 1/Σw + (x0 − x̄w)² / Σw(x − x̄w)² ]
```

येथे `m` म्हणजे नमुन्याच्या वाचनांची संख्या, `w0` म्हणजे नमुन्याच्या संहतीला लागू होणारा भार आणि `x̄w` म्हणजे मानकांची भारित सरासरी. एका वाचनासाठी उत्तर ०.९५ ± ०.०८ येते. म्हणजे भारित पद्धतीनेही एकाच वाचनावरून पाणी मर्यादेच्या आत असल्याची ९५ टक्के खात्री देता येत नाही, कारण मर्यादेची वरची कड १.०३ आहे. नमुना तीनदा मोजून सरासरी तीच आली, तर अनिश्चितता ± ०.०५ पर्यंत उतरते आणि वरची कड १.० वर येऊन टेकते. आणखी वाचने घ्यावीत की नमुना पुन्हा मागवावा, हा निर्णय या आकड्यावर घेता येतो. ± ०.८१ वर तो घेता आला नसता.

## संगणकावर वापर

`R` मध्ये भार सरळ देतात:

```
lm(y ~ x, weights = 1/x^2)
```

`NumPy` मध्ये मात्र एक सापळा आहे. `polyfit` मधील `w` हा अवशेषाला वर्ग करण्यापूर्वीच गुणतो. म्हणून तिथे प्रचरणाचा नव्हे, तर प्रमाण विचलनाचा व्यस्तांक द्यावा लागतो:

```
np.polyfit(x, y, 1, w=1/x)
```

येथे चुकून `1/x**2` लिहिले तर प्रत्यक्ष भार `1/x⁴` होतो. संगणक कोणतीही तक्रार करत नाही आणि रेषा तळाच्या एक-दोन बिंदूंवरच बेतली जाते.

ज्या तक्ता-प्रणालीत भारित समाश्रयणाची सोय नाही, तिथे एक जुनी युक्ती चालते. `y = a + b·x` या समीकरणाला `x` ने भागले की `y/x = b + a·(1/x)` मिळते. `y/x` आणि `1/x` यांची साधी रेषा काढली तर ती `1/x²` भाराच्या रेषेइतकीच असते. फक्त चढ व छेद यांची अदलाबदल होते: या नव्या रेषेचा छेद म्हणजे मूळ चढ. वरील उदाहरणात `y/x` ची मूल्ये १०५, १००, १०१, ९८, ९८ आणि १०४ आहेत. त्यांच्याकडे नुसते पाहिले तरी चूक सर्व संहतींना टक्क्यांत सारखीच आहे, हे लक्षात येते.

## मर्यादा

भार दिल्याने एका बिंदूचे वर्चस्व नाहीसे होत नाही, ते तळाकडे सरकते. वरील भारित रेषेत ०.२ च्या मानकाचा प्रभाव ०.८७ आहे. त्यामुळे सर्वांत पातळ मानक तयार करताना विशेष काळजी लागते. फ्लोराइड काचेशी अभिक्रिया करत असल्याने त्याची मानके पॉलिथिलीनच्या बाटल्यांत ठेवतात. शिवाय आयन क्रोमॅटोग्राफीत फ्लोराइडचे शिखर अगदी सुरुवातीला, पाण्यामुळे येणाऱ्या खळग्याच्या जवळ येते आणि त्याचे क्षेत्रफळ मोजताना आधाररेषा कुठे धरली यावर वाचन बदलते. समजा या कारणाने तळाचे वाचन २१ ऐवजी २४ घेतले गेले. तर छेद ०.९४ वरून ३.८७ होतो. ९६ वाचनाचा नमुना ०.९५ वरून ०.९४ वर येतो, म्हणजे फारसा बिघडत नाही. पण ३१ वाचनाचा नमुना ०.३० वरून ०.२८ वर घसरतो, म्हणजे ८ टक्के चूक. म्हणून तळाचे मानक दोनदा स्वतंत्रपणे बनवून मोजणे हितावह असते.

शून्य संहतीच्या कोऱ्या द्रावणाला `1/x²` भार देता येत नाही, कारण तो अनंत होतो. शोधसीमेच्या जवळ विखुरलेपणा प्रत्यक्षात शून्याकडे जात नाही, आधाररेषेच्या गोंगाटावर येऊन थांबतो. मानके तिथपर्यंत न्यायची असतील, तर भार `1/(s0² + k²x²)` असा घेतात. `s0` हे कोऱ्या द्रावणाच्या पुनरावृत्त वाचनांवरून काढतात आणि `k` हे वरच्या मानकांतील सापेक्ष विखुरलेपणावरून, तो वाचनाच्या एककांत बदलून.

भार वक्रता दुरुस्त करत नाही. कार्बोनेट-बायकार्बोनेट वाहक द्रव वापरणाऱ्या आयन क्रोमॅटोग्राफीत संबंध मुळातच किंचित वाकलेला असू शकतो. वरील उदाहरणात २० चे मानक ४.३ टक्के वर आणि ५ व १० ची सुमारे २ टक्के खाली आली. हे विखुरलेपणाने झाले की वक्रतेने, हे एका दिवसाच्या वक्रावरून सांगता येत नाही. वेगवेगळ्या दिवशीच्या चार-पाच वक्रांचे टक्क्यांतील अवशेष शेजारी ठेवावेत. चिन्हे दर वेळी बदलत असतील तर तो विखुरलेपणा, आणि दर वेळी तीच राहत असतील तर ती वक्रता. वक्रता असल्यास भारित द्विघाती वक्र काढावा किंवा पट्टा अरुंद करावा.

पट्टा अरुंद करणे हा भारित पद्धतीलाही पर्याय ठरू शकतो. ०.२ ते २ मिलिग्रॅम एवढ्यातच मानके ठेवली आणि कच्च्या पाण्याचे नमुने पातळ करून मोजले, तर साधी रेषाही १.० जवळ फारशी चुकत नाही. मात्र पातळ करण्याच्या प्रत्येक टप्प्यात पिपेटची चूक वाढते आणि कामही वाढते. शिवाय नमुना किती पातळ करावा, हे ठरवण्यासाठी आधी एकदा मोजावेच लागते.